टर्नरचा रिपोर्ट आणि न बोलणारी मनू

(ओळख पटू नये म्हणून मुलीचं नाव, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय मुद्द्यांवर परिणाम होईल असा बदल केलेला नाही.)

## पार्श्वभूमी

मनू पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांची होती. मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. माझ्यापर्यंत येणारी मुलं बहुतेक वेळा दोन-तीन डॉक्टर आणि एक जाडजूड फाइल मागे टाकून आलेली असतात, तशीच तीही. उंची 88 सेंटिमीटर, म्हणजे त्या वयाच्या मुलींच्या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी. जन्मतः हातापायांवर सूज होती, ती पुढे ओसरली. दोन्ही पायांची दुसरी आणि तिसरी बोटं त्वचेने जोडलेली. चालायला लागली ती दोन वर्षं आठ महिन्यांची झाल्यावर. शब्द पाच-सहा, त्यातले दोन फक्त तिच्या आईलाच कळायचे.

फाइलमध्ये वर्षभरापूर्वीचा कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट होता. त्यातली मुख्य ओळ अशी:

`45,X[11]/46,X,+mar[19]`

तपासलेल्या 30 पेशींपैकी 11 पेशींमध्ये एकच एक्स गुणसूत्र होतं. उरलेल्या 19 पेशींमध्ये एका एक्ससोबत एक बारीकसा तुकडा होता. तो कोणत्या गुणसूत्राचा ते ओळखू आलं नव्हतं, म्हणून त्याला नुसतं 'मार्कर' म्हटलं होतं. खाली निष्कर्ष होता, 'टर्नर सिंड्रोम, मोझेक प्रकार'. मोझेक म्हणजे सगळ्या पेशी एकसारख्या नसणं.

हा रिपोर्ट हातात देताना त्या वेळच्या डॉक्टरांनी पालकांना धीर दिला होता. टर्नरच्या मुली बुटक्या राहतात, पाळीसाठी पुढे औषधं लागतात, हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्यावी लागतात, पण बुद्धी चांगली असते, शिकतात, नोकऱ्या करतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे, फक्त तो मनूला लागू नव्हता.

## अडचण

मनूचे बाबा वायरमन. बोलणं मोजकं, प्रश्न नेमका. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, बुद्धी चांगली असते म्हणतात, मग ही बोलत का नाही?" आजीचा कल वेगळा होता. सुनेने गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या. आई खाली बघत होती.

बाबांच्या प्रश्नाला तीन उत्तरं संभवत होती. एक, मनूला टर्नर आहेच, पण त्याखेरीज आणखी काहीतरी आहे: ऐकू कमी येणं, थायरॉइड, किंवा दुसरा एखादा जनुकीय दोष. दोन, टर्नरमध्येच क्वचित असं होतं, थांबून पाहावं. तीन, हे सगळं त्या तुकड्यामुळेच आहे.

तिसरं उत्तर ऐकायला उलटं वाटतं. टर्नरमध्ये त्रास होतो तो एक्स गुणसूत्र कमी असल्यामुळे. मनूच्या 19 पेशींमध्ये तर शुद्ध टर्नरपेक्षा थोडं जास्तच होतं, एक्सचा (किंवा कशाचा तरी) एक तुकडा. दुसरा एक्स अजिबात नसलेली मुलगी शाळेत पहिली येऊ शकते, आणि दुसरा एक्स थोडा तरी असलेली बोलू शकत नाही, असं कसं?

त्यासाठी आधी हे पाहावं लागतं की बाईच्या पेशीतले दोन एक्स एकत्र नांदतात कसे. पुरुषात एक्स एक, बाईत दोन. दोन्ही पूर्ण चालू राहिले तर एक्सवरच्या शेकडो जनुकांचं उत्पादन दुप्पट होईल. म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी आपला एक एक्स बंद करते. कोणता, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, पण एकदा ठरलं की त्या पेशीच्या सगळ्या वंशात तोच बंद राहतो. जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये उंदरांच्या केसांच्या रंगावरून ही कल्पना मांडली. गल्लीतली काळ्या-नारिंगी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते ती याचमुळे: एका ठिपक्यात एक एक्स चालू, दुसऱ्यात दुसरा.

एक्स बंद करतो तो एक आरएनए. त्याचं नाव एक्झिस्ट, शोध 1991 चा. माणसात तो सुमारे 17,000 अक्षरांचा असतो. एवढा लांब असूनही त्यातून कोणतंच प्रथिन बनत नाही, आणि तो केंद्रकाच्या बाहेरही पडत नाही. ज्या एक्सला बंद व्हायचंय त्याच्यावरचं एक्झिस्टचं जनुक हा आरएनए सतत बनवत राहतं, आणि तो त्याच गुणसूत्रावर पसरून त्याला झाकून टाकतो. मग तो स्पेन नावाच्या प्रथिनाला ओढून आणतो, जनुकांचं वाचन थांबतं, आणि पुढे इतर प्रथिनं त्या गुणसूत्राला कुलूप घातल्यासारखं घट्ट आवळून ठेवतात.

मनूसाठी यातला एकच मुद्दा निर्णायक होता. एक्झिस्ट ज्या गुणसूत्रावर तयार होतो, त्यालाच बंद करतो. शेजारच्या गुणसूत्रावर जाऊन तो काम करत नाही. म्हणून एक्सच्या तुटक्या तुकड्यात एक्झिस्टचं जनुक नसेल, तर त्या तुकड्याला बंद करणारं पेशीत कोणीच उरत नाही. त्यावरची जनुकं आयुष्यभर चालू राहतात, पूर्ण एक्सवरच्या त्याच जनुकांच्या जोडीने. अशा लहान, कड्यासारख्या एक्स तुकड्यांमध्ये तीव्र बौद्धिक अक्षमता का दिसते, याचं हे स्पष्टीकरण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं गेलं होतं. आमच्या ओपीडीपर्यंत ते नेहमी पोचतंच असं नाही.

## पर्याय

ऐकण्याची तपासणी आणि थायरॉइड हे तर करायचंच होतं. स्वस्त आहे, आणि सापडलं तर इलाज आहे. दोन्ही ठीक निघालं.

पुढे काय करायचं यावर आमच्यातच एकमत नव्हतं. एका सहकाऱ्याचं म्हणणं, सरळ मायक्रोअॅरे करा. तुकडा कोणत्या गुणसूत्राचा, किती मोठा, त्यावर कोणती जनुकं, सगळं एका चाचणीत कळेल. दुसऱ्याला थेट एक्झोम, म्हणजे जवळजवळ सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी, हवी होती; त्यात टर्नरखेरीज दुसरा दोष असेल तर तोही निसटणार नाही. दोन्ही चाचण्या महाग. बाबांनी आधीच उसने पैसे घेतले होते, आणि दोन महागड्या चाचण्या त्यांना एकापाठोपाठ करायला लावणं मला पटत नव्हतं.

मी फिश चाचणीच्या बाजूने होते. यात चमकणाऱ्या रंगाचा एक छोटा डीएनए धागा गुणसूत्रांवर सोडतात, आणि जिथे तो जुळतो तिथे ठिपका दिसतो. प्रश्न नेमका असेल तर ही चाचणी स्वस्त आणि स्पष्ट आहे. आमचे प्रश्न दोनच होते, आणि त्यांचा क्रमही ठरलेला होता.

पहिला प्रश्न वाय गुणसूत्राचा. 'मार्कर' वायचा तुकडा असेल, तर अविकसित बीजकोशात गाठ होण्याचा धोका असतो आणि तो काढून टाकण्याचा विचार करावा लागतो. बोलण्याशी याचा संबंध नाही, पण हा प्रश्न एक दिवसही टांगता ठेवण्यासारखा नव्हता. खरं तर तो वर्षभर टांगताच राहिला होता, आणि फाइलमध्ये त्याबद्दल एक ओळही नव्हती. दुसरा प्रश्न: तुकडा एक्सचा असेल, तर त्यावर एक्झिस्ट आहे का?

फिशला मर्यादा आहे ती अशी की विचारलं तेवढंच ती सांगते. तुकड्याची लांबी ती सांगणार नव्हती. आधी फिश, आणि उत्तर एक्स-विना-एक्झिस्ट असं आलं तरच मायक्रोअॅरे, असं ठरलं. एक्झोम तूर्त बाजूला.

## काय केलं

नव्याने रक्त घेतलं. पेशी 72 तास वाढवल्या, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवल्या, काचपट्टीवर पसरल्या. पहिल्या फेरीत वायचा ठिपका कुठेच नव्हता, आणि तुकड्यावर एक्सच्या मध्यबिंदूचा ठिपका ठळक होता. तुकडा एक्सचाच होता.

दुसऱ्या फेरीला मी मुद्दाम सूक्ष्मदर्शकाशी बसले. एक्सचा मध्यबिंदू हिरवा, एक्झिस्ट लाल. निळसर पसाऱ्यात पूर्ण एक्स लगेच सापडला: मधोमध हिरवा, त्याच्या जरा खाली लाल. पट्टी नीट रंगली आहे याचा पुरावाही तोच, त्यामुळे तुकड्यावर लाल दिसला नाही तर तो रंगाचा दोष म्हणता येणार नव्हता. मग तुकडा. बाहुलीच्या बांगडीएवढं इवलंसं कडं, त्यावर एक हिरवा ठिपका, आणि बस. आमच्या तंत्रज्ञ ताईंनी एकामागून एक 20 पेशी दाखवल्या. कड्यावर लाल एकाही पेशीत नव्हता.

गुणसूत्राची दोन्ही टोकं तुटून उरलेली टोकं एकमेकांना चिकटली की असं कडं तयार होतं. पेशी विभागताना कड्यांचा गुंता होतो आणि ती हरवतात. मनूच्या 11 पेशींमध्ये एकच एक्स होता तो बहुधा यामुळेच: कडं तिथे आधी होतं, वाटेत गळालं.

मायक्रोअॅरेने लांबी सांगितली. कडं एक्सच्या लहान भुजेवरच्या p11.23 पासून लांब भुजेवरच्या q13.1 पर्यंत होतं. एक्झिस्टचं जनुक q13.2 मध्ये आहे, म्हणजे तुटण्याची जागा एक्स बंद करणाऱ्या या स्विचच्या जरा अलीकडे पडली होती. कड्यावर जे होतं त्यात एचयूडब्ल्यूई1 हे जनुक होतं. मुलग्यांमध्ये या भागाची एक प्रत जास्त झाली तर बौद्धिक अक्षमता येते, हे माहीत आहे. मनूच्या पेशींत या भागाच्या सरासरी 1.6 प्रती मोजल्या गेल्या आणि एक्सच्या बाकी भागाची एकच. 30 पैकी 19 पेशींत कडं, या मोजणीशी हे जुळणारं होतं. सुधारलेला रिपोर्ट असा झाला:

`45,X[11]/46,X,r(X)(p11.23q13.1)[19]`

आता मनूची दोन दुखणी वेगवेगळी दिसू लागली. उंची कमी, कारण एक्सच्या टोकावरचं शॉक्स नावाचं उंचीशी संबंधित जनुक तिच्या सगळ्याच पेशींत एकेरी होतं. हे बंद एक्सवरही चालू राहणाऱ्या मोजक्या जनुकांपैकी एक आहे, म्हणून एक प्रत गेली की ती खरोखर कमी पडते. बोलणं आणि शिकणं अडलं, कारण कड्यावरची जनुकं दुहेरी चालत होती. एका बाजूला कमतरता, दुसऱ्या बाजूला आधिक्य, एकाच मुलीत.

रिपोर्ट सांगायला दोघांना बोलावलं, आजींनाही. समजावून झाल्यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुकड्यात लाइन आहे, स्विच नाही. पण मोठ्या एक्सवर स्विच आहे ना? तिथून बंद नाही होत?" इतकं अचूक मला विद्यार्थ्यांनीही विचारलेलं नाही. नाही होत, मी म्हटलं, तो स्विच फक्त आपल्याच घराची लाइन तोडतो. आणि पेशी एक्स मोजते ती या स्विचच्या जागांवरून. मनूच्या पेशीत अशी जागा एकच, म्हणून तिला वाटतं आपल्याकडे एकच एक्स आहे, बंद करायची गरज नाही. चुकून मोठा एक्स बंद झालाच, तर त्या पेशीत चालू असं फक्त कडं उरेल आणि पेशी जगणार नाही.

"बाहेरून स्विच बसवता येतो का?" हाही प्रश्न त्यांचाच. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गटाने डाउन सिंड्रोमच्या पेशींत तिसऱ्या 21 व्या गुणसूत्रावर एक्झिस्ट बसवून ते गुणसूत्र बंद करून दाखवलं होतं. हे मी सांगितलं, आणि लगेच हेही की ते प्रयोगशाळेतल्या ताटलीतल्या पेशींत झालं. चार वर्षांच्या मुलीच्या मेंदूत असं करण्याची कोणतीही पद्धत आज नाही. ही बाब न सांगण्याचा मोह झाला होता. पण फोनवर शोधून ती त्यांना सापडलीच असती, अर्धवट.

आई-बाबांचीही गुणसूत्रं तपासली. दोघांचीही ठीक होती, म्हणजे कडं नव्याने झालं होतं, आणि पुढच्या मुलात तेच होण्याची शक्यता फार कमी होती. हे मी आजींकडे बघून सांगितलं. ग्रहणाचा, कामाचा, खाण्याचा यात काही भाग नाही. आजींनी मान हलवली. पटलं की नाही ते ठाऊक नाही, पण माझ्यासमोर तो विषय पुन्हा निघाला नाही.

## निष्पत्ती

हृदयाची सोनोग्राफी ठीक निघाली, मूत्रपिंडंही. टर्नरची ही तपासणी सोडायची नाही, कारण कमतरतेचा भाग मनूत आहेच.

ग्रोथ हार्मोनचा निर्णय सर्वांत अवघड गेला. इंजेक्शनं रोज, वर्षानुवर्षं, आणि खर्च मोठा. उंची काही सेंटिमीटर वाढेल. बोलण्यावर परिणाम शून्य. बालहार्मोनतज्ज्ञांनी दोन्ही बाजू मांडल्या. बाबांनी हिशेब केला: तोच पैसा आणि तोच वेळ वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीला. आठवड्यातून तीनदा शहरात यायचं म्हणजे त्यांचा तेवढा रोजगार बुडायचा, म्हणून शेवटी आठवड्यातून एकदा इथे आणि बाकी दिवस थेरपिस्टने शिकवलेलं आईने घरी, असं ठरलं. हार्मोन सहा महिन्यांनी पुन्हा विचारात घ्यायचं. पुढेही त्यांनी ते घेतलं नाही.

दिव्यांगत्वाचा दाखला निघाला. तो आधी काढला नव्हता, कारण 'बुद्धी चांगली असते' असं सांगितलेलं.

मनू आज सहा वर्षांची आहे. चाळीसेक शब्द, काही खुणा. तहान लागली की पेला उचलून 'पा' म्हणते. वर्गात बसते, स्वतंत्र शिक्षिका आठवड्यातून दोनदा येतात. वेग मंद आहे, आणि तो पुढेही मंदच राहील, हे पालकांना माहीत आहे.

## आज वेगळं काय केलं असतं

पहिली चूक आमच्या आधीची, पण तशी आम्हीही करू शकलो असतो. रिपोर्टमध्ये 'मार्कर' असताना निष्कर्ष 'टर्नर' लिहिला गेला, आणि पुढचं समुपदेशन त्या शब्दावरून झालं. 45,X आणि 45,X-सोबत-न-ओळखलेला-तुकडा या दोन गोष्टींचं भवितव्य एक नाही. तुकडा ओळखेपर्यंत बुद्धीबद्दल काहीही आश्वासन द्यायला नको होतं.

दुसरी चूक माझी. मी '63 टक्के पेशींत कडं आहे' असं सांगितलं, आणि बाबांनी ते '63 टक्के आजार' असं घेतलं. पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं की पुन्हा तपासून हा आकडा कमी झालाय का. मग गालाच्या आतल्या पेशींची फिश केली. तिथे 200 पैकी 84 केंद्रकांत दोन हिरवे, एक लाल, म्हणजे 42 टक्के. रक्तात एक आकडा, गालात दुसरा, आणि मेंदूत किती ते कधीच कळणार नाही. कड्यांचं गळणं पेशीपेशीगणिक वेगळं असल्याने ते असंच असणार. आज मी टक्का सांगते तो शेवटी, आणि 'हा आकडा रक्तातला, मेंदूतला नाही' हे वाक्य जोडूनच.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण मनात राहिली. आम्ही एक्झिस्टचं जनुक आहे की नाही एवढंच पाहिलं, आणि मनूत ते नव्हतं म्हणून काम झालं. ते असतं तर? जनुक जागेवर असूनही आरएनए न बनवणारी कडी वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि ती मुलंही गंभीर निघाली. लाल ठिपका दिसला म्हणून मी पालकांना निर्धास्त केलं असतं, तर ते चुकलं असतं. अशा वेळी कड्यावर आरएनए खरोखर बनतोय का ते पेशींत पाहावं लागतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत ती सोय नव्हती. उलट बाजूही आहे: एक्झिस्ट नसलेलं पण फार थोडी जनुकं असलेलं कडं काही मुलींत सौम्य राहतं. म्हणून मायक्रोअॅरे केल्याशिवाय मी आता 'नाही' वरूनही भवितव्य सांगत नाही.

मागच्या वर्षी आमच्या रिपोर्टच्या नमुन्यात दोन ओळी वाढवल्या. कोणत्याही 45,X मोझेक रिपोर्टमध्ये मार्कर किंवा कडं दिसलं की त्या आपोआप छापून येतात: 'वाय गुणसूत्रासाठी फिश झाली आहे का?' आणि 'एक्झिस्टसाठी फिश झाली आहे का?' दोन्ही ओळींपुढे चौकोन आहे, आणि तो रिकामा असेल तर सही होत नाही.